५५ इंची भारी टीव्ही की ४३ इंची साधा आणि सोबत एचडी पॅक? एसडी चॅनल बघणाऱ्या घरासाठी तुलना

नवा मोठा टीव्ही भिंतीवर लागला, शोरूममध्ये बघितलेला तो मोर आणि समुद्र डोळ्यात असतो, आणि घरी सेट टॉप बॉक्स जोडून नेहमीची मालिका लावली की चित्र पुसट, चेहरे मेणासारखे, खालची बातम्यांची पट्टी थरथरतेय. मग घरात कोणीतरी म्हणतंच की याच्यापेक्षा जुना डबा बरा होता. टीव्ही खराब निघाला असं वाटून लोक सर्व्हिसवाल्याला बोलावतात, तो येऊन ब्राइटनेस वाढवून जातो, आणि चित्र तसंच राहतं. टीव्हीत दोष नसतोच बहुतेक वेळा, दोष बॉक्समधून जे येतंय त्याच्यात असतो.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे अमळनेरला ताईकडे टीव्ही घ्यायचा चाललाय आणि दाजींसमोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे ५५ इंची, नावाजलेल्या कंपनीचा, ज्याच्यात "एआय अपस्केलिंग" वाला महागडा प्रोसेसर आहे, आणि केबल जशी आहे तशीच, म्हणजे सगळे एसडी चॅनल. दुसरा म्हणजे ४३ इंची साधा फोर-के टीव्ही, आणि केबलवाल्याकडून एचडी बॉक्स घेऊन मराठी आणि स्पोर्ट्सचे एचडी चॅनल चालू करायचे. दुकानात सांगितलेल्या भावात पहिला टीव्ही दुसऱ्यापेक्षा पंचवीस हजाराने महाग आहे. दाजींचं म्हणणं, "भो, टीव्ही काही दरवर्षी घेणं होत नाही, मोठाच घेऊन टाकू, दुकानदार म्हणतो तो एसडीला फोर-के करून दाखवतो." दुकानदाराचं हे वाक्य अर्धं खरं आहे आणि सगळा घोळ त्या अर्ध्यातच आहे, त्यामुळे तेच नीट उलगडून बघू.

एसडी चॅनलमध्ये मुळात असतं किती

आपल्याकडचा एसडी चॅनल म्हणजे जास्तीत जास्त ७२० आडवे आणि ५७६ उभे ठिपके, गुणाकार केला तर चार लाख चौदा हजारच्या आसपास. फोर-के पडद्यावर ठिपके असतात त्र्याऐंशी लाखाच्या आसपास, म्हणजे बरोबर वीसपट. याचा अर्थ पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांमागे एकच ठिपका बॉक्समधून आलेला असतो आणि बाकीचे एकोणीस टीव्हीने अंदाजाने भरायचे असतात. एवढ्याशा पिठात परातभर भाकरी थापायला सांगितल्यासारखं आहे, थापणारा कितीही हुशार असला तरी पीठ वाढत नाही. आणि हे झालं पूर्ण एसडीचं, बरेचदा जागा वाचवायला चॅनल आडवे ७२० ऐवजी ५४४ ठिपक्यांवरच पाठवतात, मग बॉक्स तो ताणून पडदाभर करतो. ५५ इंची पडद्यावर असा एक ठिपका आडवा दोन मिलीमीटरच्या वर जातो.

रंगाचं तर अजून वाईट. एसडीत उजेड-अंधाराची माहिती ७२० गुणिले ५७६ असते पण रंगाची माहिती त्याच्या चौथाईच, म्हणजे ३६० गुणिले २८८. डोळ्याला रंगातला बारकावा कमी कळतो म्हणून ही काटकसर केलेली आहे, आणि छोट्या पडद्यावर ती खपून जायची. मोठ्यावर खपत नाही. मालिकेतल्या सासूची लालभडक साडी आणि मागे पांढरी भिंत असेल तर साडीची कड जवळून बघा, लाल रंग भिंतीवर थोडा सांडलेला दिसेल.

पण ठिपक्यांपेक्षा मोठं दुखणं वेगळं आहे, आणि त्याच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही, ते म्हणजे बिटरेट. सेकंदाला किती डेटा त्या चॅनलच्या वाट्याला येतो ते. जुन्या डीव्हीडीला सेकंदाला साधारण चार ते सहा मेगाबिट मिळायचे. एसडी चॅनलला बरेचदा एक ते तीनच्या मधेच मिळतात, कारण एकाच पाइपातून वीस-पंचवीस चॅनल सोडायचे असतात आणि ते आपापसात डेटा वाटून घेतात. अँकर एका जागी बसून बोलतेय तोवर भागतं. गुलाल उधळला, पाऊस पडला, कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की डेटा कमी पडतो आणि चित्राचे चौकोनी तुकडे दिसायला लागतात. हे चौकोन साधारण आठ बाय आठ ठिपक्यांचे असतात. जुन्या २१ इंची डब्यावर असा चौकोन साडेचार मिलीमीटरच्या आसपास उंच दिसायचा, ५५ इंचीवर तोच जवळजवळ एक सेंटीमीटर होतो. म्हणजे नखाएवढा. म्हणून तर जुना टीव्ही बरा वाटतो, घाण त्याच्यावरही होतीच, फक्त लहान होती, आणि काचेच्या त्या नळीचं चित्र मुळातच जरा मऊ असल्यामुळे कडा एकमेकात मिसळून जायच्या.

हे खरं का खोटं बघायचं असेल तर घरात जुनी ओरिजिनल डीव्हीडी आणि प्लेअर पडलेला असेल तर त्याच मोठ्या टीव्हीला लावून बघा. ठिपके फार तर तेवढेच, ७२० गुणिले ५७६, पण चित्र एसडी चॅनलपेक्षा सरळ सरळ स्वच्छ दिसतं. लग्नाची डीव्हीडी नको, तिच्यात शूटिंग कसं झालं आणि किती तास एका डिस्कमध्ये कोंबले त्याच्यावर सगळं असतं, विकत घेतलेली सिनेमाची घ्या. आणि ती बघितली की एक गोष्ट लगेच कळते, ठिपके कमी असणं हा आजार टीव्ही बराच बरा करू शकतो, डेटा कमी असणं हा आजार टीव्हीच्या हातात फारसा नाही. बाकीची सगळी तुलना याच्यावर उभी आहे.

कोण किती लांब बसतं

साध्या चांगल्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा दिसतो असं धरतात. त्या हिशोबाने कोणत्या साइजच्या टीव्हीवर किती फुटांच्या आत बसलं की एसडीचे ठिपके जाणवायला लागतात ते काढता येतं. मी काढलेला हिशोब असा:

| टीव्ही | एसडीसाठी किमान अंतर | एचडीसाठी किमान अंतर |
|---|---|---|
| ३२ इंच | साधारण ८ फूट | ४ फूट |
| ४३ इंच | साधारण साडेदहा फूट | साडेपाच फूट |
| ५५ इंच | साधारण साडेतेरा फूट | ७ फूट |
| ६५ इंच | साधारण १६ फूट | साडेआठ फूट |

हे स्वच्छ एसडीचं आहे, डीव्हीडीसारख्या. चॅनलचे चौकोन याच्यापेक्षा बऱ्याच लांबूनही दिसतात कारण एक चौकोन आठ ठिपक्यांचा असतो. तरी अंदाजाला हा तक्ता पुरतो.

ताईच्या हॉलमध्ये सोफ्यापासून भिंतीपर्यंत दहा फूट आहेत, आणि ताईच्या सासूबाई तर सोफ्यावर बसतच नाहीत, त्या पुढे सतरंजीवर सहा-सात फुटांवर बसून मालिका बघतात. आता तक्त्यात बघा, दहा फुटांवरून ४३ इंची एसडीला काठावर पास आहे, ५५ इंची नापास, आणि सासूबाईंच्या जागेवरून दोन्ही नापास. पण तेच चॅनल एचडीत आले तर ५५ सुद्धा सासूबाईंच्या जागेवरून जवळपास पास होतो. आमच्या खानदेशात जुन्या घरांत हॉल लांबट असतात, तिथे कोणाचा पंधरा फुटांचा हॉल असेल आणि बसायची जागा खरंच टोकाला असेल तर गणित बदलतं, पण कॉलनीतल्या रो हाऊसमध्ये आणि फ्लॅटमध्ये दहा-अकरा फुटांच्या वर कोणाकडे अंतर नसतं. टेप घेऊन मोजा, नजरेने नको. भिंतीपासून नाही, जो सगळ्यात जास्त टीव्ही बघतो त्याच्या डोळ्यांपासून मोजा.

अपस्केलिंग काय करतं ते

टीव्हीच्या आत एसडी चित्र आलं की तीन कामं होतात आणि जाहिरात फक्त शेवटच्याची असते.

पहिलं काम ओळी जुळवायचं. एसडी चॅनल सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं पाठवतो, एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी, प्रत्येकी २८८. आजकालच्या पडद्याला पूर्ण चित्रच लागतं, म्हणून टीव्हीला दोन अर्धी जोडून एक करावं लागतं. समोरचं काही हललं नसेल तर सोपं आहे. पण कबड्डीचा रेडर पळतोय तर पहिल्या अर्ध्यात त्याचा हात एका जागी आणि दुसऱ्यात दुसऱ्या जागी, सरळ जोडलं तर हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. स्वस्त चिप मग ते टाळायला एकच अर्धं घेते आणि ताणते, म्हणजे हललेल्या भागात ५७६ ऐवजी २८८ ओळीच राहतात. चांगला प्रोसेसर प्रत्येक भाग बघतो, हललेला आणि न हललेला वेगळा हाताळतो, आणि कड तिरपी असेल तर तिच्या दिशेने भरतो. महाग टीव्ही आणि स्वस्त टीव्ही यांच्यातला एसडीपुरता सगळ्यात खरा फरक इथे आहे, आणि हा फरक ओळखायला बातम्यांच्या चॅनलवरची खालची सरकती पट्टी बघायची. अक्षरांच्या उभ्या दांड्या सरकताना गुळगुळीत राहतात का दातेरी होतात, आडवी शिरोरेषा थरथरते का. मराठी अक्षरांत शिरोरेषा असल्यामुळे हे लगेच पकडता येतं.

दुसरं काम साफसफाई, म्हणजे चौकोन आणि कडांभोवतीचा मुंग्यांसारखा कचरा काढायचा. इथे देवाणघेवाण असते. कचरा आणि बारीक तपशील टीव्हीला बरेचदा सारखेच दिसतात, म्हणून जास्त साफ केलं की चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, साडीचं विणकाम, मैदानावरचं गवत हेही धुऊन निघतं. ते मेणाचे चेहरे इथूनच येतात.

तिसरं काम म्हणजे खरं अपस्केलिंग, मधले ठिपके भरणं. साधी पद्धत शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून भरते, त्याने चित्र मऊ पण प्रामाणिक राहतं. एआयवाली पद्धत हजारो चित्रांच्या जोड्यांवर शिकवलेली असते, एक स्पष्ट आणि त्याचंच एक बारीक केलेलं, त्यामुळे तिला माहीत असतं की अशी पुसट रेघ दिसली तर बहुतेक ती केसाची किंवा अक्षराची कड असते, आणि ती तशी कड काढून देते. मोठ्या अक्षरांवर, चेहऱ्याच्या क्लोजअपवर, इमारतीच्या रेघांवर हे खरंच छान दिसतं आणि ते मान्य केलं पाहिजे. पण ती काढतेय अंदाजाने. क्रिकेटमध्ये वाइड शॉट आहे आणि फिल्डरचा चेहरा आठ-दहा ठिपक्यांत मावलाय, तर त्या आठ-दहा ठिपक्यांत नाक-डोळे नव्हतेच, ते कोणताच प्रोसेसर आणून देऊ शकत नाही. जर्सीवरचं बारीक नाव, बाजार समितीच्या भावाच्या तक्त्यातले लहान आकडे, यात मुळात ३ का ८ हेच ठरत नसेल तर अपस्केलिंग फार तर त्याला स्वच्छ कडेचा ३ करेल किंवा स्वच्छ कडेचा ८, बरोबर कोणता ते त्याला माहीत नसतं. आणि चौकोन आले की तर पंचाईतच, चौकोनाची कडही कडच असते, म्हणून कमी डेटाच्या चॅनलवर काही टीव्ही चौकोनच अजून ठळक करून दाखवतात. शिवाय हे सगळं लाइव्ह चालू असताना एका चित्राला वीस मिलिसेकंदांत करायचं असतं, कॉम्प्युटरवर तासभर बसून जुना व्हिडिओ सुधारतात तसा वेळ टीव्हीला मिळत नाही.

आणि मुळात अपस्केल करतंय कोण

हा मुद्दा जवळजवळ कोणालाच माहीत नसतो आणि पैसे वाया जातात ते इथे. बऱ्याच एचडी बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट 1080i किंवा 1080p वर ठेवलेलं असतं, 1080 हा एचडीच्या उभ्या ठिपक्यांचा आकडा, i म्हणजे अर्धी अर्धी चित्रं आणि p म्हणजे पूर्ण चित्र. मग एसडी चॅनल लावला तरी बॉक्स स्वतःच तो ताणून १०८० चा करतो आणि मग टीव्हीला देतो. टीव्हीला वाटतं की एचडी आलंय, त्याला एसडीची दुरुस्ती करायची गरजच दिसत नाही, तो फक्त १०८० चं २१६० करतो. म्हणजे तुम्ही भारी प्रोसेसरसाठी जास्त पैसे दिले आणि प्रत्यक्षात सगळं अवघड काम बॉक्समधल्या स्वस्त चिपने केलं. त्यात 1080i असेल तर बॉक्स ओळी जोडतो, ताणतो, परत अर्ध्या करतो आणि टीव्हीला पुन्हा जोडायला लावतो.

तपासायला सोपं आहे. एसडी चॅनल चालू ठेवून टीव्हीच्या रिमोटवरचं (बॉक्सच्या नव्हे) इन्फोचं बटण दाबा किंवा सेटिंगमध्ये सिग्नलची माहिती बघा. तिथे 1080 दिसलं तर बॉक्स ताणतोय. बॉक्सच्या मेनूत व्हिडिओ आउटपुटमध्ये जाऊन 576i असेल तर ते, नसेल तर 576p करा आणि तोच चॅनल, तीच सरकती पट्टी परत बघा. चांगल्या टीव्हीवर फरक दिसतो, साध्या टीव्हीवर कधी उलटंही होतं, बॉक्सच बरा निघतो, म्हणून डोळ्यांनी ठरवा. काही बॉक्समध्ये Auto, Native किंवा Original असा पर्याय असतो, तो चॅनलप्रमाणे स्वतः बदलतो, असेल तर तोच ठेवा. नसेल आणि तुमच्याकडे एचडी चॅनलपण असतील तर 576 वर ठेवून विसरू नका, नाहीतर एचडी चॅनलसुद्धा ५७६ चा होऊन येईल.

ज्यांचा बॉक्स अजून पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीने जोडलेला आहे त्यांनी बाकी काही वाचायच्या आधी बॉक्सच्या मागे एचडीएमआयचं भोक आहे का बघा. पिवळ्या वायरीतून उजेड आणि रंग एकत्र मिसळून येतात आणि टीव्हीला ते परत वेगळे करावे लागतात, त्यात अक्षरांच्या कडेला चालत्या मुंग्या आणि बारीक पट्ट्यांच्या शर्टावर इंद्रधनुष्य दिसतं. दोन-तीनशे रुपयांच्या एचडीएमआय वायरीने हे मुळातून जातं.

दुकानात एसडी कसं बघायचं

शोरूममध्ये लावलेला व्हिडिओ खास फोर-केमध्ये, भरपूर डेटा देऊन बनवलेला असतो, त्याच्यावरून एसडीचा काहीच अंदाज येत नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जा की धुळ्याला जा, दुकानदाराला सांगा की केबल नाहीतर डिश लावून एसडी चॅनल दाखवा. दाखवतो म्हणाला तर पट्टी, चेहरा आणि क्रिकेट, आणि दहा फूट मागे जाऊन. जोडणी नाही म्हणाला तर दुसरा मार्ग आहे. गावाकडे कोणाकडे तरी डीडी फ्री डिश असतेच, त्याच्या बऱ्याच बॉक्सना पेनड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करता येतं. एखाद्या बातम्यांच्या चॅनलचे दोन मिनिटं आणि गर्दी-पळापळ असलेल्या कशाचे तरी दोन मिनिटं रेकॉर्ड करून घ्या, आणि दुकानात दोन्ही टीव्हींना तोच पेनड्राइव्ह लावा. फाइल जशीच्या तशी टीव्हीत जाते, म्हणजे ओळी जोडण्यापासून सगळं टीव्हीलाच करावं लागतं, आणि शेजारी शेजारी तोच तुकडा बघायला मिळतो. घरी बॉक्समधून येताना याच्यापेक्षा थोडं खालीच दिसेल हे धरून चाला. आणि दुकानात टीव्ही Vivid मोडवर असतो, तो दोन्हीकडे Standard करायला लावा, नाहीतर भडक रंगाला तुम्ही स्पष्टपणा समजाल.

आता दोन्ही पर्याय समोरासमोर

५५ इंची भारी टीव्ही आणि एसडी केबल. सरकती पट्टी गुळगुळीत, क्लोजअपमधले चेहरे बरे, तिरप्या रेघा दातेरी नाहीत, म्हणजे स्वस्त ५५ इंचीपेक्षा नक्की चांगलं. पण दहा फुटांवरून एसडी तरी एसडीच दिसणार, गर्दीच्या शॉटमध्ये चौकोन, मॅचमध्ये बॉल हरवलेला, आणि साइज मोठा असल्यामुळे जी घाण उरते तीही मोठी. म्हणजे प्रोसेसरने जे कमावलं त्यातलं बरंचसं इंचांनी खाल्लं. यूट्यूब आणि ओटीटी मात्र याच्यावर झकास दिसेल, आणि दाजींची मुलं प्लेस्टेशन वगैरे लावणार असतील तर तो वेगळा फायदा.

४३ इंची साधा टीव्ही आणि एचडी चॅनल. एचडी चॅनलमध्ये ठिपके एसडीच्या पाचपट आणि डेटाही कितीतरी जास्त, म्हणजे जो आजार टीव्हीला बरा करता येत नाही तोच मुळात कमी होऊन येतो. आणि १०८० चं २१६० करणं बरोबर दुप्पट आहे, एका ठिपक्याचे चार, साध्या टीव्हीलाही ते नीट जमतं, तर ५७६ चं २१६० म्हणजे पावणेचारपट, तो हिशोबच वेडावाकडा. सासूबाईंच्या सहा-सात फुटांवरूनही हे स्वच्छ दिसणार. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांचे एचडी चॅनल आहेत, क्रिकेटचेही आहेत, म्हणजे या घरात जे रोज लागतं ते बहुतेक एचडीत मिळतं. उणी बाजू म्हणजे पडदा लहान, आणि जे एसडीतच आहे ते साध्या टीव्हीच्या साध्या प्रोसेसरवर दिसणार. आणि एचडी चॅनलवरचं सगळंच एचडी नसतं, जुने सिनेमे आणि जुन्या मालिका तेही ताणूनच दाखवतात, ते पुसट दिसले तर पॅक फसवा आहे असं समजू नका.

पैशाचं म्हणाल तर ताईच्या केबलवाल्याने बॉक्स बदलायचे दीड हजार आणि एचडीचे महिन्याला एकशेवीस जास्त सांगितलेत, पाच वर्षांचे झाले बहात्तरशे, बॉक्स धरून आठ हजार सातशे. समोर पंचवीस हजार. आकडे प्रत्येक गावात वेगळे निघतील पण बेरीज अशीच करून बघायची, पाच वर्षांची.

माझं मत विचाराल तर या घरासाठी दुसरा पर्याय, आणि मी दाजींना स्पष्टच सांगितलं की आधी बॉक्समधून येणारं सुधारा, मग पडदा. त्यांना मोठा पडदाच हवा असेल तर तिसरं करा, साध्या प्रोसेसरचा ५५ इंची घ्या आणि एचडी पॅक घ्या, तो भारी ५५ आणि एसडी यापेक्षा दहापैकी नऊ संध्याकाळी चांगला दिसेल. दाजी म्हणाले, "मग तो दुकानदार एवढं काय सांगत होता?" तो खोटं सांगत नव्हता, तो प्रोसेसर चांगलाच आहे, पण तो कमी ठिपक्यांवर चालतो, कमी डेटावर नाही.

मग भारी प्रोसेसर कोणी घ्यावा

ज्यांच्याकडे एचडीचा मार्गच नाही त्यांनी. यावल-रावेर पट्ट्यात, शहाद्याकडे, मळ्यावर राहणाऱ्या किती घरांत फ्री डिशच आहे, महिन्याचा खर्च नाही, आणि तिच्यावर बहुतेक सगळे चॅनल एसडीच. त्यांनी पॅक घ्या म्हणून काय सांगणार. अशा घरात पहिला उपाय साइज आवरायचा, बसायचं अंतर दहा फूट असेल तर ४३ च्या वर जायचं नाही, आणि त्या ४३ मध्ये मग पेनड्राइव्ह लावून जो टीव्ही पट्टी सगळ्यात शांत दाखवेल त्याला दोन-चार हजार जास्त द्यायला हरकत नाही, इथे तो पैसा रोज कामाला येतो. आणि फ्री डिशचा बॉक्स जुना असेल तर एचडीएमआयवाला नवा घ्या, नव्याला एमपेग-४ चे चॅनलही लागतात.

दुसरे म्हणजे लोकल केबलच्या चॅनलवर अहिराणी गाणी आणि कानबाईची गाणी बघणारे. तो व्हिडिओ कुठूनतरी उतरवलेला, परत दाबलेला, मग ताणलेला असतो, तिथे भारी प्रोसेसरही फार काही करू शकत नाही. तेच गाणं यूट्यूबवर मूळ चॅनलवरून लावा, ७२० ओळींच्या क्वालिटीवर जरी चाललं तरी जमीन-अस्मानाचा फरक आहे. मालिकांचंही तेच, घरात फायबर असेल तर ॲपवर एचडीत बघता येतात, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र रोज तासनतास बघायचं तर डेटा संपतो आणि नेट हळू झालं की ॲप स्वतःच क्वालिटी खाली आणतं, मग पुन्हा तेच पुसट.

टीव्ही कोणताही घ्या, एसडीसाठी एवढं करा

शार्पनेस खाली आणा. लोक पुसट दिसतं म्हणून शार्पनेस वाढवतात आणि त्याने अक्षरांभोवती पांढरी किनार आणि जास्तीचा कचरा येतो, बारकावा येत नाही. काही कंपन्यांत शून्य म्हणजे खरं शून्य असतं, काहींत मधला आकडा, म्हणून पट्टीवरच्या अक्षरांभोवतीची पांढरी किनार जाईपर्यंत कमी करा आणि तिथेच थांबा. नॉइज रिडक्शन Low किंवा Medium, High नको. MPEG Noise Reduction वेगळं दिलं असेल तर चौकोनांवर तेच उपयोगी पडतं, ते चालू ठेवा. चित्राची कड कापून थोडं झूम होतं ते बंद करा, मेनूत Just Scan, Screen Fit असं काहीतरी नाव असतं, उगाच अजून एकदा ताणायचं कशाला. ४:३ चा चॅनल असेल तर बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या, पडदा भरायला ताणला की माणसं जाडी होतात आणि चित्र अजून फाटतं. हे सगळं बरेच टीव्ही त्या त्या एचडीएमआयपुरतं लक्षात ठेवतात, म्हणून बॉक्स ज्या भोकात आहे त्याच्यावर राहूनच करा.

आणि एचडी पॅक घेतल्यावर एक शेवटचं काम राहतं. घरातली मोठी माणसं वर्षानुवर्षांच्या सवयीने जुनाच चॅनल नंबर दाबतात, तो एसडीचा असतो, आणि एचडीचे पैसे भरूनही घरात दिवसभर एसडीच चालू राहतं. ज्या चॅनलचा एचडी घेतला त्याचा एसडी पॅकमधून काढायला सांगा, महिन्याचे थोडे पैसेही वाचतात, काढता येत नसेल तर बॉक्सच्या फेव्हरिट यादीत फक्त एचडीचे नंबर टाका. ताईच्या सासूबाईंसाठी मी नवे चार नंबर मोठ्या अक्षरात लिहून रिमोटच्या पाठीला चिकटवून येणार आहे.